बॅकग्राउंड स्टेटमेंट कसं लिहायचं: ना नुसता शिक्का, ना नुसतं रडगाणं

दिवाळी संपली की दरवर्षी हे सुरू होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच मास्टर्स आणि पीएचडीच्या डेडलाइन डिसेंबरात असतात, एसओपी लिहून झालेला असतो, सरांच्या मागे लागून रेको मिळवलेले असतात, आणि मग पोर्टलवर अजून एक रकाना दिसतो ज्याच्याकडे आधी कोणाचं लक्षच गेलेलं नसतं. कुठे त्याला पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट म्हणतात, कुठे डायव्हर्सिटी स्टेटमेंट, कुठे नुसतं बॅकग्राउंड. मग रात्री बारा वाजता मला मेसेज येतो, "दादा यात काय लिहायचं असतं, कॅटेगरी लिहू का?"

मी असे बरेच ड्राफ्ट वाचतो, ओळखीतल्या पोरापोरींचे, दादरपासून बदलापूरपर्यंतचे. तेच इथे पायरी पायरीने लिहितोय. उदाहरण म्हणून एकच मुलगी घेतलीय, ती दोन-तीन खऱ्या ड्राफ्टमधून जोडून केलेली आहे त्यामुळे ही कोण म्हणून शोधायला जाऊ नका.

पहिली पायरी: हा फॉर्म कॅपसारखा नाही

आपल्याला सवय कसली असते बघा. अकरावीपासून इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडपर्यंत प्रत्येक फॉर्मवर कॅटेगरीचा रकाना, त्याला जोडलेला दाखला, व्हॅलिडिटी, आणि त्या व्हॅलिडिटीसाठी पणजोबांच्या शाळेतला 1950 च्या आधीचा कागद शोधत गावाला मारलेल्या चकरा. तिथे तो शिक्का खरोखर काम करतो, कायद्याने करतो, आणि तो लावायलाच पाहिजे. पण त्यामुळे डोक्यात बसतं की "मी कोण" याचं उत्तर म्हणजे एक शब्द आणि त्याचा पुरावा.

अमेरिकेतल्या या निबंधात तसं काही होत नाही. तिथल्या सुप्रीम कोर्टाने 29 जून 2023 ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये निकाल दिला की वंश बघून अ‍ॅडमिशन देता येणार नाही. पण त्याच निकालात हेही लिहिलंय की अर्जदार स्वतःच्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला ते लिहू शकतो आणि युनिव्हर्सिटी ते विचारात घेऊ शकते, फक्त ते त्या माणसाच्या एखाद्या गुणाशी किंवा क्षमतेशी जोडलेलं पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांवर तर अशी बंदी 1996 च्या सार्वमतापासूनच आहे. म्हणजे नुसतं "मी अमुक समाजाची" एवढ्या वाक्याने काही पदरात पडत नाही, तिथून पुढे काय झालं आणि तू काय केलंस ते वाचणाऱ्याला हवं असतं. जात आणि वंश एक नाही हे मान्य, पण वाचायची पद्धत तीच.

म्हणून आधी प्रश्न नीट वाचा, दोनदा वाचा. बर्कलीच्या ग्रॅज्युएट अर्जात एसओपीपेक्षा वेगळं पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट असतं आणि त्यात साधारण असं विचारतात की तुमच्या पार्श्वभूमीमुळे तुम्ही हे शिक्षण घ्यायचं कसं ठरवलंत, अडचणी आणि संधी दोन्ही सांगा, आणि या क्षेत्रात तुम्ही काय भर घालाल. यातला "संधी" हा शब्द आपले लोक वाचतच नाहीत, डोळा थेट "अडचणी"वर जातो आणि मग सुरू होतं पुराण. काही ठिकाणी नुसता भर घालण्याबद्दलचाच प्रश्न असतो, काही ठिकाणी निबंध ऐच्छिक असतो, आणि गेल्या एक-दोन वर्षांत बऱ्याच ठिकाणी नाव बदललंय किंवा निबंधच काढून टाकलाय, त्यामुळे सीनियरने दिलेल्या जुन्या प्रश्नावर विसंबू नका, या वर्षीच्या पोर्टलवर आहे तोच घ्या आणि कागदावर हाताने लिहून काढा.

दुसरी पायरी: विशेषणं सोडा, कामं लिहा

आता आपली मुलगी. घाटकोपरच्या टेकडीवर राहते, सिव्हिल झालंय, एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायचंय, त्यातही पाणीपुरवठा. तिचा पहिला ड्राफ्ट असा होता:

"मी मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेली एक दलित मुलगी आहे. आमचं घर दहा बाय बाराचं. वडील रिक्षा चालवायचे, ते आजारी पडले आणि आमच्यावर आभाळ कोसळलं. आईने कष्ट करून मला शिकवलं. रस्त्याच्या दिव्याखाली रात्र रात्र अभ्यास करून मी इथपर्यंत पोचले."

मी विचारलं, रस्त्याच्या दिव्याखाली का, घरात लाइट नव्हती? म्हणाली, "होती, पण असं लिहितात ना." इथेच सगळं आलं. या परिच्छेदातल्या बाकीच्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या वाचून ही मुलगी कोण ते कळत नाही, अशा वाक्यांत हजार मुली बसतात. आणि वाचणारा प्रोफेसर हळहळेल हो, हळहळून पुढचा अर्ज उघडेल.

मग करायचं काय, तर एक अख्खी संध्याकाळ निबंध न लिहिता नुसती टिपणं काढायची. मी असे प्रश्न विचारतो: घरात किंवा वस्तीत लोक तुझ्याकडे कुठलं काम घेऊन यायचे? तुझ्या वयाच्या बाकीच्यांना येत नव्हतं असं तुला काय येत होतं? कुठल्या दोन प्रकारच्या लोकांमध्ये तुला निरोप्या व्हावं लागायचं? कॉलेजात एखादी गोष्ट सगळ्यांना नवीन होती पण तुला आधीच माहीत होती, असं कधी झालं? उत्तरं मराठीतच लिहा, किंवा ज्या भाषेत घरी भांडता त्या भाषेत. इंग्रजीत सुरुवात केली की बोटं आपोआप "हार्डशिप" आणि "पॅशन" टाइप करायला लागतात.

ती आधी म्हणाली माझ्याकडे असं काहीच नाही. मग बऱ्याच वेळाने, जाता जाता, "पाण्याची वही लिहायचे मी, बस."

तिसरी पायरी: एक गोष्ट जवळून दाखवा

तिच्या गल्लीत सात घरांत मिळून पाण्याचं एक कनेक्शन. बिल एकाच्या नावावर, पैसे सगळ्यांकडून गोळा करायचे, आणि नववीपासून ती वही हिच्याकडे. निबंधातला मुख्य परिच्छेद शेवटी असा झाला:

"आमच्या टेकडीवर पाणी दिवसातून थोडेच तास येतं. सात घरांच्या बिलाचा हिशेब माझ्याकडे होता. वरच्या ओळीतल्या घरांची तक्रार असायची की पैसे सारखेच, पाणी मात्र कमी. खालची घरं म्हणायची उगीच ओरडतात. मी दोन्हीकडे वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते वहीत लिहायला लागले. खाली एक मिनिट, वर चार. खालच्यांनी नळ बारीक ठेवले की वरचा वेळ दोन मिनिटांवर यायचा. वही सगळ्यांना दाखवली आणि पाळ्या ठरल्या. दोन घरांनी पाळी कधीच पाळली नाही. नुसता आकडा पुरत नाही हे मला तेव्हा कळलं."

यात ती गरीब आहे असं कुठे लिहिलंय? पण कळतं. मुलगी असून सगळ्यांना जमवून घ्यावं लागलं तेही कळतं. आणि पाणीपुरवठा शिकवणारा प्रोफेसर हे वाचून सरळ हिशेब करतो, खाली मिनिटाला वीस लिटर, वर पाच, म्हणजे हिने फ्लो मोजला होता आणि तेही फ्लो हा शब्द माहीत नसताना. असा तपशील तुमच्या विषयाशी लागणारा असला तर सोनं, पण नसला तरी चालतो, तपशील तुमचा पाहिजे एवढंच.

ते दोन घरांचं वाक्य तिला काढायचं होतं, म्हणे त्याने अपयश दिसतं. मी ठेवायला लावलं. सगळं गोड झालं असं लिहिलं की वाचणाऱ्याला शंका येते, आणि शिवाय त्याच वाक्यावर तिचा पुढचा सगळा अभ्यास उभा आहे, की पाणी वाटपात पाइपाइतकाच माणसांचा प्रश्न असतो.

अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही. तिच्या मूळ टिपणात मोटारीचा उल्लेख होता. म्युनिसिपालिटीच्या लाइनला थेट मोटार लावून पाणी खेचायला बंदी आहे, लोक लावतात हा भाग वेगळा. शेजाऱ्यांबद्दलची अशी गोष्ट, गल्लीच्या नावासकट, परक्या युनिव्हर्सिटीच्या फाइलमध्ये कशाला घालायची. म्हणून ते वाक्य नुसत्या नळांवर ठेवलं, तेही खरंच होतं, आणि गल्लीचं नाव काढलं. तुमची गोष्ट सांगताना दुसऱ्याची किती सांगताय ते बघाच. आईच्या आजाराबद्दल, बहिणीच्या घटस्फोटाबद्दल लिहिणार असाल तर आधी तिला विचारा, ती नको म्हणाली तर नको.

चौथी पायरी: दुःखाला तीन वाक्यं

वडिलांचं आजारपण लिहायचंच नाही का? लिहायचं, कारण तिच्या मार्कशीटवर त्याचा डाग आहे आणि वाचणाऱ्याला तो दिसणारच आहे. पण त्यासाठी तीन वाक्यं पुरतात: काय झालं आणि कधी, त्याचा माझ्या अभ्यासावर नेमका काय परिणाम झाला, आणि मग काय केलं. तिचं असं झालं: "तिसऱ्या सेमिस्टरला वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना हॉस्पिटलात मी राहिले. त्या वेळी दोन विषय राहिले. पुढच्याच सेमिस्टरला दोन्ही काढले, आणि त्यातल्या फ्लुइड मेकॅनिक्सवरच माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे." संपलं. आभाळ कोसळलं नाही, कोणी अश्रू ढाळले नाहीत, आणि तरी वाचताना पोटात थोडं हलतंच.

ओळखायचं कसं की जास्त झालंय? पूर्ण ड्राफ्ट प्रिंट काढा आणि दोन रंगांचे पेन घ्या. जिथे तुमच्यावर काही गुदरलं त्या वाक्यांखाली एक रंग, जिथे तुम्ही काही केलंत, ठरवलंत, शिकलात त्या वाक्यांखाली दुसरा. पहिला रंग एक चतुर्थांशाच्या वर गेला तर मी कापायला सांगतो. हा काही कुठला नियम नाही, माझा अंदाज आहे, पण फार कमी वेळा चुकतो. तिच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये दुसरा रंग जवळजवळ नव्हताच, जो होता तो त्या दिव्याखालच्या खोट्या वाक्याला.

आजार, अपंगत्व, मानसिक त्रास, यांतलं काही तुमचं स्वतःचं असेल तर निदानाचं नाव किंवा औषधं लिहायची गरज नाही. काय अडलं आणि कसं काम काढलं एवढं पुरे. आणि अजिबात लिहायचं नसेल तर तेही चालतं.

पाचवी पायरी: शिक्का ठेवायचा तर कुठे

आता सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. तिने विचारलं, मग दलित हा शब्द काढू का? मी म्हटलं काढायचा की ठेवायचा हे तू ठरव, पण ठेवलास तर त्याला कामाला लाव. पहिल्या ओळीत तो नुसता पाटीसारखा लटकत होता.

तिची पहिली इच्छा होती महाडपासून सुरू करायचं, 20 मार्च 1927, चवदार तळं, पाण्याचा हक्क, आणि हिला पाण्यातच शिकायचंय, जुळतंय की मस्त. जुळतं, पण तो इतिहास बाबासाहेबांचा आणि त्या हजारो माणसांचा आहे, पहिला परिच्छेद त्यात गेला तर तिची वही दुसऱ्या पानावर जाते. शेवटी महाड एका वाक्यात आलं, तेही वहीच्या नंतर: दलित कुटुंबात वाढल्यामुळे महाडच्या तळ्याची गोष्ट घरात दरवर्षी ऐकायला मिळायची, त्यामुळे पाणी कोणापर्यंत पोचतं हा प्रश्न तिला कधीच फक्त पाइपचा वाटला नाही. आणि दुसऱ्या जागी, वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी चालणाऱ्या अभ्यासिकेत ती दहावीच्या पोरांना गणित शिकवते ते. आता तो शब्द काहीतरी सांगतोय, आणि तो तिच्या बाकीच्या दहा गोष्टींमधली एक गोष्ट आहे.

तपासायची युक्ती सोपी आहे. ज्या वाक्यात शिक्का आहे त्यात तो बदलून दुसरा टाका, दलितच्या जागी आदिवासी, मुस्लिम, कोळी, समलिंगी, छोट्या गावातला, काहीही. वाक्य जसंच्या तसं चालत असेल तर ते तुमचं नाही, कोणाचंही आहे. अडखळत असेल तर ठेवा.

आणि ज्यांना वाटतं माझ्याकडे शिक्काच नाही, डोंबिवलीत टूबीएचके, आईबाबा दोघं नोकरीत, मी काय लिहू, त्यांनी दुसऱ्याचं दुःख भाड्याने आणू नये. कामवाल्या मावशींच्या गरिबीमुळे माझे डोळे उघडले, असे परिच्छेद मी वाचलेत, नका हो करू. एक मुलगा होता, कॉलेजात अंध विद्यार्थ्यांसाठी रायटर म्हणून जायचा. त्याने फक्त एवढंच लिहिलं की पेपरात ग्राफ आला की तो तोंडी वाचून दाखवताना काय काय अडचण व्हायची आणि पुढच्या वेळेपर्यंत त्याने वाचायची कुठली पद्धत बसवली. इंटरफेस डिझाइनला अर्ज होता. आपल्याला सगळं सोपं मिळालं हेही त्याने एका वाक्यात सरळ लिहून टाकलं, आणि ते बरं वाटलं वाचायला.

सहावी पायरी: परक्याला कळेल असं

इंग्रजीत उतरवताना आपले शब्द अर्ध्या वाक्यात सोडवून सांगा. केटी म्हणजे काय ते ओहायोतल्या माणसाला माहीत नाही, "राहिलेला पेपर पुन्हा देऊन काढला" लिहा. लाख लिहू नका. महिन्याचं उत्पन्न रुपयांत लिहून काही कळत नाही, डॉलरमध्ये केलं की उगाच भीक मागितल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा "बारावीपासून माझी फी मी शिकवण्या घेऊन भरली" हे बोलतं. झोपडपट्टी या शब्दाने त्यांच्या डोळ्यासमोर सिनेमातलं चित्र येतं, म्हणून तिने तो टाळला आणि टेकडी, पायऱ्या, दोन ओळींतली घरं असं लिहिलं.

एसओपीतलं पुन्हा इथे नको. तिच्या एसओपीत प्रोजेक्ट, सॉफ्टवेअर, कुठल्या प्रोफेसरबरोबर काम करायचंय ते होतं, इथे शेवटच्या परिच्छेदात फक्त एवढं आलं की जिथे मीटर नाहीत तिथे लोकांच्या मदतीने मोजणी कशी करता येईल यावर तिला काम करायचंय, आणि पहिल्या पिढीतल्या ज्युनियर्सना लॅबमध्ये उभं राहायला ती मदत करेल कारण अभ्यासिकेत ती तेच करते. "मी विविधता वाढवीन" असं मोघम काही नाही.

शेवटी दाखवायचं कोणाला

दोघांना. एक जो तुम्हाला लहानपणापासून ओळखतो, त्याला फक्त विचारा की यात खोटं किंवा फुगवलेलं काय आहे. तिच्या ड्राफ्टमधला अजून एक रस्त्याचा दिवा तिच्या मावशीनेच पकडला. दुसरा असा जो तुम्हाला अजिबात ओळखत नाही, मित्राचा ऑफिसातला कलीग वगैरे, त्याला एकदा वाचायला द्या, कागद परत घ्या, आणि दुसऱ्या दिवशी विचारा काय आठवतंय. "बिचारी गरीब घरची आहे" असं आलं तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा. "ती बादलीवाली ना, जिने वेळ लावला?" असं आलं तर सबमिट करायला हरकत नाही.

पोर्टलवर टाकण्याआधी शब्दमर्यादा बघा, कुठे 500 शब्द असतात, कुठे दोन पानं, आणि टेक्स्ट बॉक्स असेल तर वर्डमधून पेस्ट केल्यावर अवतरण चिन्हांचे चौकोन होतात ते एकदा प्रीव्ह्यूमध्ये बघून घ्या. एकच निबंध सहा ठिकाणी पाठवणार असाल तर प्रत्येक वेळी शेवटचा परिच्छेद त्या प्रश्नाप्रमाणे बदला, आणि युनिव्हर्सिटीचं नाव निबंधात कुठे असेल तर कंट्रोल एफ मारून शोधा, मिशिगनच्या अर्जात पर्ड्यूचं नाव सापडलेलं मी पाहिलंय.